सौम्य ऑक्सिडक की कोरडा ऑक्सिडक?

तीव्र ऑक्सिडक प्राथमिक अल्कोहोलचे थेट आम्ल करतो आणि सौम्य ऑक्सिडक मध्येच, अल्डिहाइडपाशी थांबतो, हे वाक्य परीक्षेत गुण मिळवून देते. पण त्यातल्या ‘सौम्य’ या शब्दाने काहीच उलगडत नाही. ज्याला आपण सौम्य म्हणतो त्या पिरिडिनियम क्लोरोक्रोमेटमध्ये, म्हणजे पीसीसीत, क्रोमिअम नेमके त्याच +6 अवस्थेत असते ज्या अवस्थेत ते डायक्रोमेटमध्ये असते. मग एक थांबतो आणि दुसरा थांबत नाही, असे का? माझ्या मते याचे उत्तर क्रोमिअमच्या ताकदीपेक्षा भांड्यातल्या पाण्यात शोधायला हवे.

त्यासाठी ब्युटेनॉलची तीन भावंडे पुरेशी आहेत. तिन्हींचे सूत्र C₄H₁₀O, फरक इतकाच की हायड्रॉक्सिल गट ज्या कार्बनवर आहे त्यावर 1-ब्युटेनॉलमध्ये दोन हायड्रोजन असतात, 2-ब्युटेनॉलमध्ये एक आणि तृतीयक ब्युटिल अल्कोहोलमध्ये एकही नाही. आम्लयुक्त डायक्रोमेटचे नारिंगी द्रावण घातले की पहिल्या दोन नळ्या हिरव्या होतात, कारण +6 क्रोमिअम +3 वर उतरते. तिसरी नारिंगीच राहते. यावरून तृतीयक अल्कोहोल क्रोमिअमशी संबंधच ठेवत नाही, असा समज होतो. तो चुकीचा आहे. अल्कोहोल आणि क्रोमिक आम्ल मिळून आधी क्रोमेट एस्टर बनते, आणि तृतीयक ब्युटिल क्रोमेट हे एस्टर तर तयार होऊन टिकतेही. अडते ते पुढच्या पायरीवर. त्या पायरीत कार्बनवरचा हायड्रोजन सुटतो, कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध तयार होतो आणि दोन इलेक्ट्रॉन क्रोमिअमकडे जातात. सोडायला हायड्रोजनच नसेल, तर एस्टर तसेच बसून राहते. फ्रँक वेस्टहायमर आणि निकोलस निकोलाइड्स यांनी 1949 मध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलमधल्या याच हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरिअम बसवला, तेव्हा अभिक्रियेचा वेग सुमारे एक षष्ठांशावर आला; म्हणजे तो बंध तुटणे हीच वेग ठरवणारी पायरी. तृतीयक नळीही कधी हिरवी होते, हा आक्षेप खरा आहे. पण तापवलेल्या तीव्र आम्लात त्या अल्कोहोलमधून पाणी निघून जाते, अल्कीन बनते आणि ऑक्सिडीकरण होते ते त्या अल्कीनचे.

आता 1-ब्युटेनॉलचे ब्युटेनॅल झाले, इथवर ठीक. पण अल्डिहाइडला हायड्रॉक्सिलच नाही, मग त्याचे क्रोमेट एस्टर कसे बनणार? इथे पाणी कामाला येते. पाण्याचा रेणू अल्डिहाइडला जोडला जातो आणि एकाच कार्बनवर दोन हायड्रॉक्सिल व एक हायड्रोजन असलेला हायड्रेट बनतो. क्रोमिअमच्या दृष्टीने तो अल्कोहोलच. पुन्हा एस्टर, पुन्हा हायड्रोजन सुटणे, आणि हाती येते ब्युटिरिक आम्ल. ॲसिटाल्डिहाइड पाण्यात जवळजवळ निम्मे हायड्रेटच्या रूपात असते. कीटोनचा हायड्रेट आधीच नगण्य, आणि बनला तरी त्याच्या कार्बनवर हायड्रोजन नसतो. म्हणून 2-ब्युटेनॉलची वाटचाल ब्युटेनोनपाशी संपते.

इलायस कोरी आणि विल्यम सग्स यांनी 1975 मध्ये मांडलेली पीसीसीची पद्धत या हायड्रेटची वाटच बंद करते. अभिक्रिया कोरड्या डायक्लोरोमिथेनमध्ये होते. अल्कोहोलच्या साधारण दीडपट मोल अभिकर्मक घेतले की खोलीच्या तापमानाला तासा-दोन तासांत काम उरकते. तळाशी काळपट डिंकासारखा क्रोमिअमचा चिकटा साचतो, त्यावरून अभिक्रिया झाल्याचे कळते. पीसीसी मुळातच दुबळे असेल, अशी शंका घेता येईल. आम्लता कमी असल्याने ते काहीसे मवाळ आहे, हे मान्य. पण बेन्झिल अल्कोहोलचे उदाहरण पाहा: पाणी आणि गंधकाम्ल असलेले जोन्स अभिकर्मकसुद्धा बऱ्याचदा बेन्झाल्डिहाइडपाशी थांबते, कारण वलयाशी संलग्न असलेले हे अल्डिहाइड हायड्रेट व्हायला फारसे राजी नसते. ऑक्सिडक तीव्र, तरी थांबला; कमी पडला तो हायड्रेट. उलट बाजूचा पुरावाही आहे. आम्लयुक्त डायक्रोमेटने 1-ब्युटेनॉलचे ऑक्सिडीकरण करताना परिस्थिती जुळवली, तर ब्युटिल ब्युटिरेट हे एस्टर मिळते. उरलेले अल्कोहोलच पाण्याची भूमिका घेऊन अल्डिहाइडला जोडले जाते, आणि त्या जोडीचे ऑक्सिडीकरण होते.

डायक्रोमेट वापरूनही अल्डिहाइड मिळवता येते, हेही याच तर्कात बसते. प्रोपेनॉल 97 अंशांना उकळते, प्रोपेनॅल 49 अंशांना. डायक्रोमेट हळूहळू घालत बनलेले प्रोपेनॅल लगेच ऊर्ध्वपातनाने बाहेर काढले, तर ते पाण्यात रेंगाळत नाही. उतारा मात्र निम्म्याच्या आसपासच पडतो, आणि जड अल्डिहाइडसाठी ही युक्ती चालत नाही.

पीसीसी सर्वार्थाने सौम्य नाही, हे सिट्रोनेलॉलवर लगेच दिसते. त्यातून बनलेले सिट्रोनेलॅल पीसीसीच्या अंगच्या आम्लतेने वलयात मिटते आणि ऑक्सिडीकरण पुढे सरकून आयसोपुलेगोन तयार होते. सिट्रोनेलॅलच हवे असेल तर भांड्यात सोडिअम ॲसिटेट घालून ती आम्लता शमवावी लागते.