भेदनमूल्य उणे आलं? प्रश्न काढण्याआधी हे बघा

संशोधनासाठी स्वतः चाचणी तयार करणाऱ्या प्रत्येकाला प्रश्नविश्लेषण करावं लागतं. सूत्रं सोपी आहेत, अडचण येते ती आलेल्या आकड्याचा अर्थ लावताना. माझ्या पथदर्शी चाचणीतला सतरावा प्रश्न मी याच कारणाने जवळजवळ काढून टाकला होता, म्हणून त्याचीच गोष्ट सांगते.

चाचणी विज्ञानाची होती. ३० बहुपर्यायी प्रश्न, ४० विद्यार्थी. एक्सेलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ आणि प्रत्येक प्रश्नाचा एक स्तंभ (B ते AE) केला. उत्तरसूचीशी जुळलं तर १, नाही तर ०. AF स्तंभात एकूण गुण. मग एकूण गुणांनुसार सगळ्या ओळी उतरत्या क्रमाने लावल्या.

आता वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी घ्यायचे. ही टक्केवारी केली यांनी १९३९ साली सुचवली. गट फार छोटे घेतले तर आकडे डळमळीत होतात आणि फार मोठे घेतले तर दोन गटांतला फरक पुसट होतो, त्यामधला हा मध्य. ४० चे २७ टक्के म्हणजे १०.८, म्हणून प्रत्येक गटात ११ जण. सतरावा प्रश्न R स्तंभात आहे, तर त्याची सूत्रं अशी:

```
=(SUM(R2:R12)+SUM(R31:R41))/22
=(SUM(R2:R12)-SUM(R31:R41))/11
```

पहिलं काठिण्यमूल्य, म्हणजे दोन्ही गट मिळून किती जणांचं उत्तर बरोबर आलं. नावाने फसू नका: हा आकडा जितका मोठा, तितका प्रश्न सोपा. दुसरं भेदनमूल्य, म्हणजे वरच्या गटाला खालच्या गटापेक्षा प्रश्न किती जास्त जमला. एबेल यांच्या नेहमी वापरल्या जाणाऱ्या निकषानुसार ०.४० किंवा जास्त असेल तर प्रश्न उत्तम, ०.२० च्या खाली असेल तर कमकुवत.

माझ्या प्रश्नाचं काठिण्यमूल्य ०.३२ आलं आणि भेदनमूल्य उणे ०.४५! म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्च्या मुलांना जमलं. ‘प्रश्न वाईट, काढून टाका’ असं मनात आलंच. पण १ आणि ० च्या तक्त्यात ‘चुकलं’ एवढंच दिसतं, काय निवडून चुकलं ते दिसत नाही. म्हणून मूळ उत्तरपत्रिका काढल्या.

प्रश्न होता: सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? पर्याय अ ‘शून्य’, ब ‘९.८ मी/से², खालच्या दिशेने’. वरच्या गटातल्या ११ पैकी १० जणांनी ब निवडला होता, एकाने अ. खालच्या गटात ६ जणांनी अ, दोघांनी ब आणि उरलेल्या तिघांनी इतर पर्याय. माझ्या उत्तरसूचीत उत्तर होतं अ.

चूक माझीच होती. पहिल्या मसुद्यात मी ‘वेग किती?’ असं विचारलं होतं. तज्ज्ञांच्या सूचनेवरून ‘त्वरण’ केलं, उत्तरसूची बदलायची राहिली. त्या बिंदूवर वेग शून्य असतो, त्वरण नाही. उत्तर ब केल्यावर काठिण्यमूल्य १२/२२ म्हणजे ०.५५ झालं आणि भेदनमूल्य ८/११ म्हणजे ०.७३. वेग आणि त्वरण यांची गल्लत पकडणारा चाचणीतला हा एकमेव प्रश्न मी फेकून देणार होते.

एक गोष्ट विसरू नका. उत्तरसूची बदलली की एकूण गुण बदलतात, म्हणून ओळी पुन्हा क्रमाने लावून गट पुन्हा तपासायचे. माझ्या बाबतीत गट तेच राहिले, पण सीमेवर गुण सारखे असतील तर मुलं इकडची तिकडे होऊ शकतात.

उत्तरसूची बरोबर असूनही मूल्य उणे राहिलं तर? मग वरच्या गटाने कोणता पर्याय निवडला ते बघा. बरेच जण एकाच चुकीच्या पर्यायावर गेले असतील तर तो पर्यायही बरोबर ठरतोय का, किंवा प्रश्नाची भाषा दुहेरी अर्थाची आहे का, ते तपासा. निवड सगळीकडे विखुरलेली असेल तर बहुतेक अंदाजपंचे उत्तरं दिली आहेत.

उलट, कमी भेदनमूल्याचा प्रत्येक प्रश्न वाईट नसतो. माझा चौथा प्रश्न वरच्या गटात ११ जणांना आणि खालच्या गटात १० जणांना आला, भेदनमूल्य फक्त ०.०९. जे जवळजवळ सगळ्यांना येतं, त्यात फरक दिसणार तरी कुठून? संविधान तक्त्यातला तो घटक मला हवा होता, म्हणून प्रश्न ठेवला.

शिवाय ११ च्या गटात एका मुलाचं उत्तर बदललं तरी भेदनमूल्य ०.०९ ने हलतं. त्यामुळे ०.२७ चा प्रश्न काढला आणि ०.३६ चा ठेवला, असा निर्णय एवढ्या नमुन्यावर घेऊ नका. तो एका मुलाच्या उत्तराचा फरक असू शकतो.