मध्यरात्रीचा खड्डा, न्याहारीनंतरचा सुळका

डायबेटिस असल्याचं नुकतंच कळलेल्या माणसाच्या दंडावर डॉक्टर एक गोल चकती चिकटवून देतात. दोन आठवड्यांनी तिच्यावरचा आलेख समोर येतो. त्यात दोन गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात: पहाटे तीनच्या सुमारास रेषा तळाशी गेलेली आणि न्याहारीनंतर ती छतापर्यंत चढलेली. बहुतेकांना भीती वाटते ती सुळक्याची, कारण साखर वाढणं म्हणजेच डायबेटिस हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण आलेख वाचायला बसताना आधी खड्डा पाहावा. वाढलेली साखर नुकसान करते ते वर्षानुवर्षांत. खूप उतरलेली साखर त्याच रात्री माणसाला बेशुद्ध करू शकते.

चकतीच्या खाली एक केसाएवढी बारीक, लवचीक तार त्वचेत शिरलेली असते. ती रक्तात पोहोचत नाही. पेशींच्या भोवती जो द्रव असतो त्यातली साखर ती मोजते. पाटाला पाणी सोडलं की वाफ्यात ते जरा उशिरा पोहोचतं, तसंच रक्तातली साखर या द्रवात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात. साखर स्थिर असेल तेव्हा याने फारसं बिघडत नाही. ती भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा मात्र बोट टोचून घेतलेला आकडा आणि चकतीचा आकडा वीस-तीसने वेगळा येतो, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. शिवाय पहिल्या दिवशी चकती नीट स्थिरावलेली नसते, म्हणून त्या दिवसाच्या आकड्यांवरून कोणताच निष्कर्ष काढू नये.

आता एक नमुना घेऊ. समजा, पन्नाशीतले एक गृहस्थ आहेत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ९.४ आली, म्हणून डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी न्याहारीआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी अशी सुरू केली. चौदा दिवसांच्या आलेखात तीन रात्री रेषा ७० च्या खाली गेली आहे. (आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे लॅबच्या कागदावर असतात तेच.) तीन रात्री, तीन खड्डे, पण ते सारखे नाहीत.

पाचव्या रात्री सव्वा वाजता साखर ११८ होती. दीडला ७९, पावणेदोनला ६२. मग पाऊण तास रेषा ६०-६२ वर सपाट, जणू पट्टी ठेवून आखलेली. अडीचनंतर पंधराच मिनिटांत ती १०४ वर आणि तीन वाजता ११५ वर. अकराव्या रात्रीही जवळजवळ हेच चित्र. झोपलेल्या, काहीही न खाल्लेल्या माणसाची साखर पंधरा मिनिटांत चाळीसने उतरत नाही आणि तितक्याच वेगाने परतही चढत नाही. चकती डाव्या दंडावर आहे आणि हे गृहस्थ डाव्या कुशीवर झोपतात. दंड अंगाखाली दबला की तिथल्या द्रवाची ये-जा मंदावते, तारेला साखर कमी दिसते. कूस बदलली की आकडा जागेवर येतो. म्हणजे साखर उतरलेलीच नव्हती. उभी घसरण, सपाट तळ, उभी चढण या तीन खुणा एकत्र दिसल्या की आधी दंडावर संशय घ्यावा.

आठवी रात्र वेगळी होती. त्या संध्याकाळी पोटात जड वाटत होतं म्हणून गृहस्थ जेवले नाहीत. कपभर दूध आणि दोन खजूर घेतले, गोळी मात्र रोजच्यासारखी घेतली. साडेदहाला साखर १३२, बाराला १०४, दीडला ८३, तीनला ६४, पावणेचारला ५८. तिथून ती हळूहळू वर आली: पाचला ७६, साडेसहाला १०१. ही घसरण सावकाश आहे, तिला पाच तास लागले आहेत आणि तिच्यामागे कारण आहे. बनियन घामाने भिजलेलं होतं, स्वप्नं विचित्र पडली, सकाळी डोकं जड होतं, हे विचारल्यावर त्यांना आठवलं. हा खड्डा खरा.

कारण गोळीच्या स्वभावात आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि तुम्ही जेवलात की नाही हे त्याला कळत नाही. मेटफॉर्मिनचं तसं नाही. ते यकृतातून बाहेर पडणारी साखर आवरतं, म्हणून एकटं असेल तर सहसा शुगर लो करत नाही. आपण फक्त ‘शुगरची गोळी’ म्हणतो, पण तिच्यात काय आहे हे माहीत नसेल तर रात्रीच्या खड्ड्याचा अर्थ लागणं अवघड आहे. एकादशी, संकष्टी, लग्नाघरचं उशिरा झालेलं जेवण अशा दिवशी गोळीचं काय करायचं, हे त्या दिवशी घरच्या घरी ठरवण्याऐवजी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. या नमुन्यात डॉक्टर संध्याकाळचा ग्लिमेपिराइडचा भाग कमी करतील किंवा काढतील. आपण होऊन पूर्ण गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

पण रात्री दोन वाजता जाग आली आणि फोनवर ६२ दिसलं, तर आलेखाची चिकित्सा करत बसायचं का? नाही. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं यांतलं काही असेल तर लगेच साखर घ्यावी: तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. काहीच जाणवत नसेल तर दंड मोकळा करून त्याच वेळी बोट टोचून पाहावं. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर शंकेचा फायदा साखरेला द्यावा. मात्र शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, त्याला दवाखान्यातच न्यायचं.

इथे दोन चुका फार होतात. एक म्हणजे घाबरून बेसनाचा लाडू खाणं. त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते, म्हणजे नेमकी घाई असताना उशीर. दुसरी चूक चकतीच्या उशिरामुळे होते. साखर-पाणी घेतल्यावर पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर वर आलेली असते, पण चकती अजून ६५ च दाखवते. माणूस पुन्हा खातो, मग पुन्हा, आणि सकाळी २२० बघून म्हणतो, ‘रात्री लो झालं ना, म्हणून सकाळी वाढली.’ ती वाढली दुसऱ्या-तिसऱ्या खाण्याने. लो नंतरची पहिली तपासणी बोट टोचूनच करावी, ती याचसाठी.

खड्ड्याचा उलगडा झाला की सुळक्याकडे वळता येतं. आपल्या गृहस्थांची न्याहारी साधी: बशीभर कांदेपोहे, साखरेचा चहा, दोन बिस्किटं. साडेआठला साखर १३८, नऊला १७१, साडेनऊला २१९, पावणेदहाला २३२. साडेदहाला २०१, साडेअकराला १५८. नुसतं २३२ बघून दचकण्यापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात: सुरुवात कुठून झाली, किती चढली, टोक कधी गाठलं आणि खाली कधी आली. इथे चढण ९४ ची आहे आणि रेषा दोन तासांच्या आसपास १८० च्या वर राहिली आहे. ‘जेवणानंतर दोन तासांनी’ लॅबमध्ये रक्त दिलं असतं तर २०१ आलं असतं आणि टोक कोणाला दिसलंच नसतं. डायबेटिस नसलेल्या माणसाचीही रेषा न्याहारीनंतर उठते, कधी १४० च्या पुढेही जाते. तेव्हा प्रश्न सुळका असण्याचा नाही. तो किती उंच आणि किती रुंद आहे याचा आहे.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एक दिवस पोहे तेवढेच, चहा बिनसाखरेचा, बिस्किटं नाहीत. दुसऱ्या वेळी पोहे निम्मे, त्याआधी वाटीभर मटकीची उसळ. तिसऱ्या वेळी न्याहारी पहिल्यासारखीच, पण खाऊन उठल्यावर पंधरा मिनिटं चालणं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून टोक बऱ्याचदा बुटकं होतं. प्रत्येक प्रयोग निदान दोनदा करावा. अपुरी झोप, ताप किंवा आदल्या रात्रीचं जड जेवण यांनीही रेषा हलते, आणि एका दिवसाच्या चित्रावरून पोह्यांना दोषी ठरवणं अन्यायाचं आहे.

तळलेल्या पदार्थांचा सुळका फसवा असतो. पुरी-श्रीखंडाच्या जेवणानंतर दोन तासांनी रेषा बरी दिसते, पाहुणे खूश होतात; पण तुपा-तेलामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर संध्याकाळपर्यंत १८० च्या वरच रेंगाळते. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची ती अशा ठिकाणी. उलट, रेषा सपाट ठेवण्याच्या नादात कोणी भाकरी सोडून नुसत्या पनीर-चीजवर राहतात. आलेख छान दिसतो, पण त्यात कोलेस्टेरॉल दिसत नाही.

शेवटी डॉक्टरांच्या हातात एका पानाचा अहवाल येतो. चौदाही दिवस एकावर एक ठेवून त्यात एकच ‘दिवस’ काढलेला असतो: मध्ये जाड रेषा, तिच्या भोवती गडद पट्टा, बाहेर फिकट पट्टा. गडद पट्ट्यात निम्मे दिवस बसतात. फिकट पट्टा अधूनमधून घडणाऱ्या गोष्टींचा. पहाटे तीनला गडद पट्टाच ७० खाली गेला असता तर औषध रोज जास्त होतंय, असा अर्थ झाला असता. आपल्या गृहस्थांचा फक्त फिकट पट्टा खाली टेकला आहे. त्याच पानावर टक्केवारीही असते. बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी, असं उद्दिष्ट असतं. वयस्कर आणि नाजूक प्रकृतीच्या लोकांसाठी ७० खालची मर्यादा १ टक्क्यावर आणतात.

या गृहस्थांच्या अहवालात ७० खालचा वेळ सुमारे चार तास भरतो. चौदा दिवसांचे ३३६ तास, म्हणजे १ टक्क्याच्या थोडा वर. उद्दिष्टाच्या हिशेबाने तो ठीकठाक. पण या चारातले दोन तास दंड दबल्याचे, खोटे आहेत. आणि उरलेले खरे दोन तास एकाच रात्रीचे, गोळी घेऊन न जेवलेल्या रात्रीचे आहेत, हे टक्केवारीला माहीत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना अहवालासोबत एक साधी वही न्यावी: कधी जेवलो, काय खाल्लं, गोळी किती वाजता, कोणत्या कुशीवर झोपलो. आठव्या रात्रीपुढे ‘दूध, खजूर, गोळी घेतली’ एवढं लिहिलेलं असलं तरी संध्याकाळच्या डोसबद्दलचं बोलणं लगेच सुरू होऊ शकतं.