व्हॉइस आणि इनडायरेक्ट : क्रियापदाचा हिशेब

शालेय इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ या सूचनेखाली जे प्रश्न येतात, त्यांत दोन रूपांतरे हमखास भेटतात. पहिले व्हॉइस बदलण्याचे, म्हणजे अ‍ॅक्टिव्हचे पॅसिव्ह किंवा उलट. दुसरे डायरेक्ट वाक्याचे इनडायरेक्ट करण्याचे. मार्गदर्शकांत दोन्हींची वेगवेगळी कोष्टके असतात, आणि मुले ती पाठ करून परीक्षेला बसतात. प्रत्यक्षात दोन्ही प्रश्न क्रियापदांच्या एकाच साखळीवर चालतात. व्हॉइसचे मुख्य काम त्या साखळीच्या शेवटी होते, तर इनडायरेक्टचे तिच्या सुरुवातीला. एवढे ध्यानात आले, की कोष्टकातल्या बहुतेक ओळी आपोआप तयार करता येतात.

आधी व्हॉइस घेऊ. ‘द बॉईज आर पेंटिंग द वॉल’ या वाक्यात क्रियापदाची साखळी ‘आर पेंटिंग’ अशी दोन शब्दांची आहे. पॅसिव्ह करताना कर्म, म्हणजे ‘द वॉल’, पुढे येऊन कर्त्याच्या जागी बसते. मुख्य क्रियापद ‘पेंटिंग’ आपली जागा सोडते. तिथे ‘बी’ हे क्रियापद येते आणि जाणाऱ्याचेच रूप घेते : ‘पेंटिंग’ला ‘आयएनजी’ होते, म्हणून ‘बी’लाही ‘आयएनजी’ लागून ‘बीइंग’ होते. मुख्य क्रियापद एक घर मागे सरकून तिसऱ्या रूपात, ‘पेंटेड’ म्हणून, बसते. साखळी झाली ‘बीइंग पेंटेड’. पुढचा ‘आर’ तसाच ठेवायचा, पण आता कर्ता ‘वॉल’ एकवचनी आहे, म्हणून त्याचा ‘इज’ होतो. उत्तर : ‘द वॉल इज बीइंग पेंटेड बाय द बॉईज.’

हीच रीत सगळीकडे लागू पडते. ‘हॅव पेंटेड’मध्ये तिसरे रूप होते, म्हणून ‘बी’चेही तिसरे रूप ‘बीन’ येते : ‘हॅज बीन पेंटेड’. ‘विल पेंट’मध्ये मूळ रूप होते, म्हणून ‘विल बी पेंटेड’. नुसत्या ‘पेंटेड’ या भूतकाळाच्या जागी ‘बी’चा भूतकाळ येतो, म्हणजे ‘वॉज’ किंवा ‘वेअर’. उत्तर तपासायची सोपी खूण अशी, की पॅसिव्हच्या साखळीत अ‍ॅक्टिव्हपेक्षा बरोबर एक शब्द जास्त असतो. ‘द वॉल इज पेंटेड’ असे लिहिणाऱ्या मुलाचे वाक्य वाचायला ठीक वाटते, पण मोजले की ‘आर पेंटिंग’चे दोन शब्द दोनच राहिलेले दिसतात. मधला ‘बीइंग’ गळला, आणि त्याबरोबर काळही बदलला. ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ आलेल्या वाक्यात मात्र ही मोजणी फसते. ‘डिड द बॉईज पेंट द वॉल?’ याचे ‘वॉज द वॉल पेंटेड बाय द बॉईज?’ होते, कारण ‘डिड’ फक्त प्रश्नापुरता आलेला असतो आणि ‘वॉज’ आल्यावर त्याची गरज उरत नाही.

मराठी मुलाची अडचण इथे वेगळी आहे. मराठीत ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालते : आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळे खाल्ले. इंग्रजीत मात्र याच वाक्याचे ‘राम एट अ मँगो’ हे अगदी साधे अ‍ॅक्टिव्ह होते. मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कशाशी जुळते यावरून, तर इंग्रजीत व्हॉइस ठरतो तो कर्त्याच्या जागी कोण बसले यावरून. ‘ने’ दिसला की ‘बाय’ लिहायचा, असा समज करून घेतला की गोंधळ सुरू होतो. इंग्रजी पॅसिव्हला मराठीत जवळचे आहे ते ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ हे वाक्य, ज्याला शाळेत नवीन कर्मणी म्हणतात. शिकवताना ‘कर्मणी’ हा शब्द सैल वापरण्याऐवजी ‘कडून’ची जोडी दाखवली, तर मुलाला पॅसिव्हचा अर्थ लवकर लागतो.

ज्या वाक्यात कर्मच नाही, त्याचे पॅसिव्ह होत नाही. ‘शी स्लीप्स’चे रूपांतर शोधत बसू नये. आणि कर्ता सांगण्यासारखा नसेल तर ‘बाय’चा भाग गाळणेच योग्य असते. ‘समबडी स्टोल माय सायकल’चे ‘माय सायकल वॉज स्टोलन’ इतकेच पुरते. मागे ‘बाय समबडी’ जोडल्याने माहितीत काहीच भर पडत नाही.

आता इनडायरेक्ट. इथे काम साखळीच्या पहिल्या शब्दावर असते. ‘सेड’ भूतकाळात असेल, तर आतल्या साखळीचा पहिला शब्द एक पायरी मागे जातो : ‘इज’चा ‘वॉज’, ‘हॅज’चा ‘हॅड’, ‘विल’चा ‘वुड’. साध्या भूतकाळाला मागची पायरी ‘हॅड’ची मिळते. ‘हॅड’ आधीच असेल, तर त्याच्यामागे पायरी नाही, म्हणून तो तसाच राहतो. पुढचे शब्द जागचे हलत नाहीत. इथेही मराठीची सवय आड येते. ‘ती म्हणाली, की मी आजारी आहे’ हे मराठी पूर्णपणे शुद्ध आहे. म्हणणे काल झाले असले तरी ‘आहे’ टिकून राहतो, आणि ‘मी’सुद्धा चालतो. म्हणून मूल सहज ‘शी सेड दॅट शी इज इल’ लिहिते. परीक्षेत मात्र ‘शी सेड दॅट शी वॉज इल’ अपेक्षित असते.

एक वाक्य पूर्ण करून पाहू. ‘द टीचर सेड टू द बॉईज, “विल यू ब्रिंग युअर नोटबुक्स टुमॉरो?”’ प्रश्न आहे, म्हणून ‘सेड टू’चा ‘आस्क्ड’ होतो. हो किंवा नाही असे उत्तर मागणारा प्रश्न आहे, म्हणून ‘इफ’ येतो आणि ‘दॅट’ लागत नाही. ‘यू’ म्हणजे ज्यांच्याशी बोलणे झाले ती मुले, तेव्हा ‘यू’चा ‘दे’ आणि ‘युअर’चा ‘देअर’. ‘विल’चा ‘वुड’. ‘टुमॉरो’च्या जागी ‘द नेक्स्ट डे’. आणि सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे शब्दांचा क्रम : प्रश्नातला ‘विल यू’ हा उलटा क्रम आता सरळ होतो आणि प्रश्नचिन्ह जाते. उत्तर : ‘द टीचर आस्क्ड द बॉईज इफ दे वुड ब्रिंग देअर नोटबुक्स द नेक्स्ट डे.’ ‘आस्क्ड इफ वुड दे’ असे लिहिले, की बाकी सगळे बरोबर असूनही वाक्य मोडते.

काळ न बदलण्याच्या जागाही आहेत. म्हणण्याचे क्रियापद ‘सेज’ असे वर्तमानात असेल, तर आत काहीच मागे जात नाही. सूर्य पूर्वेला उगवतो यासारखे कायमचे सत्य असेल, तर ‘सेड’ असूनही वर्तमान ठेवता येतो. ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ होतो तो बोलण्याचा दिवस मागे पडला असे धरल्यामुळे. प्रत्यक्ष जीवनात त्याच दिवशी निरोप सांगताना ‘टुमॉरो’ बरोबरच असते. पेपर मात्र दिवस गेला असे गृहीत धरतो.

दोन्ही रूपांतरे एकाच वाक्यावर केली, तर साखळीची दोन टोके स्पष्ट दिसतात. ‘ही सेड, “द बॉईज आर पेंटिंग द वॉल.”’ शेवटाला ‘पेंटिंग’चे ‘बीइंग पेंटेड’ होते. सुरुवातीला ‘आर’चा ‘वॉल’साठी ‘इज’ आणि ‘सेड’साठी ‘वॉज’ होतो : ‘ही सेड दॅट द वॉल वॉज बीइंग पेंटेड बाय द बॉईज.’