जुन्या आकड्यांचा शिधा

‘जनगणना का केली जाते?’ या नागरिकशास्त्रातल्या प्रश्नाला मुलं ठरलेलं उत्तर लिहितात : शासनाला नियोजन करता यावे म्हणून. दोन गुण मिळतात आणि विषय संपतो. गंमत अशी, की आज नववीपर्यंतच्या वर्गांत बसून हे उत्तर लिहिणाऱ्या बहुतेक मुलांची शासनाने जनगणनेत अजून एकदाही मोजदाद केलेली नाही. देशाची शेवटची गणना १ मार्च २०११ या तारखेला धरून झाली. १८८१पासून दर दहा वर्षांनी न चुकता होत आलेली ही मोजणी २०२१मध्ये करोनामुळे पुढे ढकलली गेली आणि मग ढकललीच जात राहिली. जून २०२५मध्ये निघालेल्या अधिसूचनेने पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. मधली सोळा वर्षं नियोजन चाललं ते जुन्या आकड्यांवर आणि त्यांवरून बांधलेल्या अंदाजांवर.

याचा सगळ्यात थेट परिणाम दिसतो तो रास्तभाव दुकानात. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. हे प्रमाण साऱ्या देशाचं. प्रत्येक राज्याला त्याच्या परिस्थितीप्रमाणे वेगळं प्रमाण मिळालं. महाराष्ट्राच्या वाट्याला ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के आले. पुढचा हिशेब शाळेतल्या गणितासारखा सरळ आहे. २०११मध्ये राज्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६.१६ कोटी होती, तिचे ७६.३२ टक्के म्हणजे ४.७० कोटी. शहरी लोकसंख्या ५.०८ कोटी, तिचे ४५.३४ टक्के म्हणजे २.३० कोटी. बेरीज सात कोटी. पुरवठा खात्याच्या भाषेत हा राज्याचा ‘इष्टांक’. राज्यातल्या अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांतली सगळी माणसं याच आकड्यात बसवायची.

हा आकडा आपोआप वाढत नाही. ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत, तिच्याच आधारे संख्या ठरवावी, असं कायदा म्हणतो. म्हणून राज्याची लोकसंख्या वाढली तरी इष्टांक सात कोटींवर थांबलेला. एखाद्या कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत बसतं, कागदपत्रं पुरी असतात, तरी तहसील कचेरीत उत्तर मिळतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ कोणाचं नाव कमी झालं, कोणी वारलं, की मगच नव्या नावाला जागा होते. देशभरात असे किती लोक बाहेर राहिले असतील, याचा हिशेब ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी २०२०मध्ये मांडला होता. त्यांचा आकडा दहा कोटींच्या वर गेला. यात धान्याच्या टंचाईचा संबंध नाही. भागाकारातला एक आकडा तेवढा जुना आहे.

शाळांचं गणित याहून थोडं अवघड, कारण तिथे एकूण डोकी पुरत नाहीत, प्रत्येकाचं वय लागतं. शून्य ते सहा वयाची मुलं किती, यावरून पुढच्या काही वर्षांत पहिलीत किती जण येतील ते कळतं. महाराष्ट्राची लोकसंख्या २००१ ते २०११ या काळात ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली, पण याच दशकात या वयाची मुलं १.३७ कोटींवरून १.३३ कोटींवर उतरली. लोकसंख्या वाढते आणि मुलं मात्र कमी होतात, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आधीच्या पिढीत जन्मलेले लोक आता तरुण आहेत, ते संख्येने पुष्कळ आहेत, आणि आयुष्यही लांबलं आहे. त्यांना मुलं कमी झाली तरी एकूण आकडा काही दशकं चढतच राहतो. अशा वेळी फक्त ‘लोकसंख्या वाढली’ एवढं ऐकून सरसकट वर्गखोल्या बांधणाऱ्याची फसगत होते.

त्यात ही वाढ सगळीकडे सारखी नाही. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास पाच टक्क्यांनी घटली आणि सिंधुदुर्गाचीही उतरली. तेव्हाचा ठाणे जिल्हा मात्र सुमारे ३६ टक्क्यांनी फुगला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि ठाण्यात ८८६, एवढे दोन आकडे शेजारी ठेवले की रोजगार कुठे आहे आणि कुठे नाही, ते कळतं. गडीमाणूस मुंबई-ठाण्याकडे, घर बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हवाली. पुढे संसारही तिकडेच जातो. मग कोकणातल्या वाडीवरच्या शाळेत वीस पोरांना दोन शिक्षक, कारण शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यावेच लागतात. आणि डोंबिवली-नालासोपाऱ्याकडे वर्गात बाकं पुरत नाहीत.

शिक्षण खात्याकडे दरवर्षीच्या पटाचे आकडे असतात, मग जनगणना कशाला, असं कोणी विचारेल. पटावर नाव असतं ते शाळेत आलेल्या मुलाचं. जे आलंच नाही, ते घरोघर जाऊन मोजल्याशिवाय सापडत नाही. रोजगाराचंही तसंच. बेरोजगारीचा दर सांगणारी सरकारी पाहणी काही निवडक घरांत जाऊन होते. पण ती घरं कोणत्या गावांतून निवडायची, त्या गावांची यादी २०११च्या जनगणनेतून आलेली. एखादं गाव मधल्या काळात शेती सोडून कारखान्याकडे वळलं असेल, तरी त्या यादीत ते जुन्याच रूपात बसलेलं असतं.

गणना वेळेवर झाली तरी ती चुकते, हेही मान्य केलं पाहिजे. म्हणूनच ती संपल्यावर निवडक भागांत पुन्हा तपासणी होते. २०११च्या तपासणीत दर हजारी सुमारे २३ माणसं मोजायची राहून गेल्याचं आढळलं. दुसरी खोड वयाची. म्हातारी माणसं वय विचारलं की ‘असेल साठ’ म्हणून मोकळी होतात. त्यामुळे तक्त्यात ५०, ५५, ६० या वयांपाशी उंचवटे दिसतात आणि ५९-६१ अगदी रिकामे. हे उंचवटे दिसले, की वय अंदाजाने सांगितलंय हे जाणकार लगेच ओळखतात.

महाराष्ट्रापुरती खरी अडचण मात्र महिन्याची आहे. माणसं मोजायचा काळ फेब्रुवारी, आणि तो ऐन ऊसतोडीचा हंगाम. बीडकडच्या टोळ्या तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून राहिलेल्या असतात. नियम असा, की गणनेच्या संपूर्ण काळात जो घरी नाही, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे तोडकऱ्याची पोरं कारखान्याच्या तालुक्यात मोजली जाणार, आणि पावसाळ्यात शाळा हवी असणार ती गावाकडे. प्रगणक कोपीपर्यंत पोचलाच नाही तर ती दोन्हीकडून सुटणार.

तेव्हा फेब्रुवारी २०२७मध्ये प्रगणक दारात आला, की घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण झालेलं वय जन्मदाखला पाहून सांगावं. पुण्याला खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचं नाव गावच्या घरात घालू नये. आणि जवळपास उसाच्या फडात, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर टोळी उतरलेली असेल, तर तिकडचा रस्ता प्रगणकाला आपणहून दाखवावा.