तंबू पुसला, गवताचं काय?

हरिश्चंद्रगडावर हिवाळ्यातल्या संध्याकाळी कोकणकड्याचा फोटो काढला, की बऱ्याचदा कड्यासोबत एखादा नारिंगी तंबूही चौकटीत येतो. फोटोशॉपमध्ये तो झटक्यात पुसता येतो. मात्र त्याच्या जागी वाळलेल्या गवताऐवजी गुळगुळीत पिवळा डाग उरतो.

हा डाग पडतो सरासरीमुळे. मऊ कडेच्या ब्रशने गवत उचलून दुसरीकडे ठेवलं, की कडेला जुनी आणि नवी पाती एकमेकांत अर्धी-अर्धी मिसळतात. उजळ पातं आणि त्यामागची सावली यांतला फरक मिटतो, आणि पोत म्हणजे तोच तर फरक असतो. म्हणून गवतासाठी ब्रश लहान आणि बऱ्यापैकी कडक ठेवतात.

हीलिंग ब्रशची अडचण वेगळी. तो नमुन्याचा पोत उचलतो, पण रंग आणि उजेड भोवतालचा घेतो. तंबूच्या कापडालगत फिरवला, तर नारिंगी छटा गवतात झिरपते. कड्याची धार आकाशाला भिडते तिथे धुरकट पट्टा उमटतो. त्यामुळे जाणकार आधी वेगळ्या रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्पने तंबूची पूर्ण कड झाकतात. हा स्टॅम्प नमुना जसाच्या तसा उतरवतो. हीलिंग ब्रश त्यानंतर, आतल्या सांध्यांपुरता.

नमुना कुठून घ्यायचा? तंबूच्या डावी-उजवीकडून, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरून. पायाजवळचं गवत दूर नेऊन ठेवलं, तर पाती अवाढव्य दिसतात. ऊन उजवीकडून येत असेल, तर नमुना आडवा उलटवायचा नाही, कारण सावल्याही उलटतात. सूचनाफलक कातळासमोर असेल, तर सह्याद्रीच्या बेसाल्टचे आडवे थर वाट दाखवतात: नमुना त्याच थरातून घ्यायचा आणि जोड एखाद्या भेगेत लपवायचा.

तंबूची लांब सावली, ताणाच्या दोऱ्या आणि कापडावरून गवतावर पडलेला नारिंगी उजेड मात्र हमखास राहून जातात.

काम तपासायला वर तात्पुरता कर्व्हज लेयर ठेवून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवतात. गुळगुळीत ठिगळं लगेच उघडी पडतात. मग फोटो लहान करून पाहिला, की दोनदा आलेला तोच झुबका ओळखू येतो. त्यातला एक बदलायचा.

तंबूने अर्धी चौकट व्यापली असेल, तर पुरेसं गवतच हाती नसतं. अशा वेळी तिथेच चार पावलं सरकून दुसरा फोटो घेणं सोपं. शिवाय स्पर्धेचे नियम आधी वाचावे लागतात. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ‘लँडस्केप फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेतल्या विजेत्या छायाचित्राचा किताब डिजिटल फेरफारांमुळे काढून घेण्यात आला होता.