घरच्या दुधाची शेळी

महाराष्ट्रात बहुतेक शेळ्या मटणासाठी पाळल्या जातात. दूध करडांनी प्यावं, उरलं तर चहापुरतं घरात यावं, असा सर्वसाधारण रिवाज. त्यामुळे घरच्या दुधासाठी शेळी घ्यायला आठवडी बाजारात गेलं की जी 'चांगली' म्हणून पुढे केली जाते, ती अंगाने भरलेली, तुकतुकीत आणि वजनदार शेळी असते. दुधाची शेळी दिसायला निराळी. मान बारीक, पोट मोठं, मागचा भाग रुंद, आणि ऐन दुधात असली तर बरगड्याही हाताला लागतात. खाल्लेलं ती अंगावर ठेवत नाही, कासेत उतरवते.

जात निवडताना आपल्या भागात जी टिकते, तिच्यापासून सुरुवात करावी. मराठवाड्यातली काळी उस्मानाबादी काटक असते, बहुधा जुळी देते, पण तिचं दूध दिवसाला अर्धा ते एक लिटर, तेही चारेक महिने. गुजरातची सुरती दुधाला सरस आणि बांधून पाळायला सोयीची. लांबवर चरायला नेणं मात्र तिला झेपत नाही. उत्तर प्रदेशातली जमुनापारी उंचीपुरी आणि भरपूर दुधाची असली, तरी गाव आणि हवा बदलली की तिची तब्येत ढासळते. नगर, नाशिक, पुण्याच्या पट्ट्यातल्या घरासाठी मला संगमनेरी सगळ्यात योग्य वाटते. रंग बहुधा पांढरा, वजन तिसेक किलो, दूध पाऊण ते दीड लिटर, आणि ते साधारण साडेपाच महिने चालतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात याच जातीच्या सुधारणेचं काम चालतं.

जातीपेक्षाही समोरची शेळी महत्त्वाची. दुसऱ्या वेताची घ्यावी, म्हणजे ती किती दूध देते हे एव्हाना कळलेलं असतं. बाजारात आणण्याआधी एक-दोन धारा चुकवून कास तुंबवलेली असू शकते. म्हणून शक्य तर मालकाच्या दारी जाऊन संध्याकाळी आपल्या डोळ्यांदेखत पूर्ण धार काढवून घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध मोजावं. धार काढल्यावर कास सुरकुतून मऊ पडली तर ती दुधाची. तशीच टणक, फुगलेली राहिली तर त्यात मांस तरी जास्त आहे किंवा जुना कासदाह तरी. दोन्ही सड सारख्या लांबीचे, मुठीत धरता येतील असे हवेत.

आता हिशोबाचा भाग. संगमनेर तालुक्यातल्या चार माणसांच्या एका घराचं उदाहरण धरू. शेळी व्याल्याशिवाय दूध नाही, आणि व्याल्यावरही ते वर्षभर नाही. त्यामुळे या घराला एक शेळी पुरणार नाही, दोन लागतील, आणि त्या वेगवेगळ्या वेळी व्यायला हव्यात. शेळी साधारण 150 दिवस गाभण असते. पहिली 1 जूनच्या सुमारास फळवली तर ती ऑक्टोबरच्या अखेरीस विते. दुसरी 1 नोव्हेंबरला फळवली तर मार्चच्या अखेरीस. पहिलीचं दूध एप्रिलमध्ये ओसरू लागतं तेव्हा दुसरीचं सुरू होतं. सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मात्र या घरात दुधाची ओढ राहणारच, हे आधीच धरून चालावं.

शेळी साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि माज दीड दिवसाच्या आसपास टिकतो. ओरडणं, शेपूट सारखी हलवणं, चारा टाकणं, मागून चिकट स्राव येणं ही खूण. माज दिसल्यावर अर्ध्या दिवसाने बोकड दाखवावा. बोकड निवडताना त्याच्या आईचं दूध विचारावं, कारण पुढची पाट किती दूध देईल यात त्याचाही वाटा निम्मा असतो. फळवल्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवायची. 21 दिवसांनी माज परत आला नाही तर ती बहुधा गाभण आहे.

त्या तारखेपासून साडेतीन महिने झाले की खरी काळजी सुरू होते. पोटातली करडं सगळ्यात झपाट्याने शेवटच्या दीड महिन्यात वाढतात. जुळी असतील तर पोटात जागा कमी उरते, शेळीला एका वेळी फारसा चारा मावत नाही, आणि गरज तर दुप्पट झालेली असते. तरीही नेमक्या याच काळात 'दूध देत नाही' म्हणून तिचा खुराक तोडला जातो. मग शेळी स्वतःच्या अंगातली चरबी जाळू लागते. ती कळपापासून बाजूला उभी राहते, खुराक नाकारते, तिच्या श्वासाला गोडसर वास येतो आणि शेवटी ती उठत नाही. ही अवस्था दिसली की त्याच दिवशी पशुवैद्य बोलवायला हवा. ती येऊच नये म्हणून विण्याआधी सहा आठवड्यांपासून खुराक रोज शंभर-दीडशे ग्रॅमवर सुरू करून हळूहळू साडेतीनशे-चारशेपर्यंत न्यावा, दोन वेळांत विभागून. शेळी तोवर दूध देत असेल तर दोन महिने आधी तिला आटवावं. आपल्या उदाहरणातल्या पहिल्या शेळीला हा काळ सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, हिरवा चारा मुबलक असतो. दुसरीला तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून तिच्यासाठी बांधावर शेवरी आणि हादगा आधीच लावलेला बरा.

विण्याच्या आदल्या दिवशी कास गच्च भरते, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडतात, शेळी खुराने जमीन उकरते, उठबस करते. कोरडी, स्वच्छ जागा द्यावी आणि लांबून लक्ष ठेवावं. आधी पाण्याची पिशवी, मग पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक, असं करडू येतं. जोराच्या कळा देऊन अर्धा-पाऊण तास झाला आणि काहीच पुढे सरकलं नाही, किंवा एकच पाय दिसतो आहे, तर ओढाओढ न करता पशुवैद्याला बोलवावं. करडू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, शेळीला चाटू द्यायचं, आणि नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं.

वार पडेपर्यंत करडांना चीक पाजायचा नाही, अशी समजूत आजही अनेक घरांत आहे, आणि तिच्यापायी करडं मरतात. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची ताकद जवळपास नसते. ती चिकातूनच मिळते, आणि पहिल्या काही तासांनंतर ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता घटत जाते. त्यामुळे पहिल्या तासाभरातच करडू सडाला लागलं पाहिजे. करडू ओढू लागलं की त्या चेतनेने गर्भाशयही आकुंचन पावतं, म्हणजे वार पडायला मदतच होते. वार बहुधा काही तासांत पडते; बारा तास उलटले तर पशुवैद्य.

घरात दूध कधी येणार? समजा शेळी ऐन भरात 1.4 लिटर दूध देते आणि तिला दोन करडं आहेत. सुरुवातीला प्रत्येक करडाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं दूध रोज लागतं. दोन किलोची दोन करडं म्हणजे चारशे मिलिलिटर, पण महिन्याभरात ती पाच-पाच किलोची होतात आणि एक लिटर त्यांनाच हवं. पहिले तीन आठवडे दूध करडांचंच समजावं. त्यानंतर रात्री आठपासून सकाळी सहापर्यंत करडं वेगळी कोंडायची, सकाळी धार काढायची, आणि दिवसभर करडं आईजवळ सोडायची. त्या दहा तासांत साचलेलं अर्धा लिटरभर दूध घराचं. करडं दिवसा पाला कुरतडू लागतात, आणि अडीच महिन्यांच्या सुमारास दूध तोडलं की दोन्ही वेळची धार घराला मिळते. तेव्हा दूध एव्हाना एक-सव्वा लिटरवर उतरलेलं असतं, आणि पुढे ते कमीच होत जातं. चार माणसांच्या चहाला आणि वाटीभर दह्याला ते पुरतं. तुपालोण्याची अपेक्षा ठेवू नये.

खाण्याचं गणित 35 किलोच्या दुभत्या शेळीसाठी असं: तीन किलो हिरवा चारा आणि पाला, अर्धा ते एक किलो तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, पोटासाठी दोनशे ग्रॅम खुराक, आणि त्यावर दर लिटर दुधामागे साडेतीनशे ग्रॅम. खुराक घरी करायचा तर दहा किलोत पाच किलो मक्याचा भरडा, अडीच किलो शेंगदाणा किंवा सरकी पेंड, दोन किलो दोनशे ग्रॅम गव्हाचा कोंडा किंवा तुरीची चुनी, दोनशे ग्रॅम खनिज मिश्रण आणि शंभर ग्रॅम मीठ. शेळीला पाला वरून तोडून खायची सवय, म्हणून तो जुडी बांधून टांगावा. जमिनीवर पडलेला, लेंड्या-मूत लागलेला चारा ती तोंडात धरत नाही, आणि धरला तर जंत होतात. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे नको. फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी तर मुळीच नको, तिने किराळ लागून शेळी तासाभरात दगावू शकते.

सगळ्यात मोठा धोका प्रेमाने दिलेल्या अन्नाचा असतो. लग्नाचा उरलेला भात, शिळ्या पोळ्या, सांडलेलं धान्य शेळीने पोटभर खाल्लं की पोटात आम्ल वाढतं. ती दात खाते, डावी कूस फुगून आत पाणी डचमळल्यासारखं लागतं, पातळ हगवण लागते. घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. खाण्यातला कुठलाही बदल दहा-पंधरा दिवसांत थोडा थोडा करावा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यावी, आणि पीपीआरची लस कधी द्यायची तेही दवाखान्यात विचारून घ्यावं.

धारेची वेळ रोज एकच हवी. कास कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसायची. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या कापडावर सोडून बघायच्या: गुठळ्या, रक्ताची छटा किंवा पाणचट दूध दिसलं तर कासदाहाची सुरुवात आहे, आणि ते दूध घरात घ्यायचं नाही. सड मुठीत धरून वरून खाली एकेक बोट मिटत दूध काढावं. चिमटीत धरून ओढलं की सडाला आतून इजा होते. धार झाल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच गव्हाणीत चारा टाकायचा. सडाची तोंडं काही वेळ उघडी राहतात, तेवढ्यात शेळी ओल्या जमिनीवर बसली तर जंतू आत शिरतात.

'शेळीच्या दुधाला वास येतो' ही तक्रार बहुतेक वेळा बोकडाची असते. धारेच्या जागेजवळ बोकड बांधू नये, दूध लगेच गाळून तापवावं, आणि वास बराच जातो. या दुधातले स्निग्धाचे कण बारीक असल्याने साय पातळ येते आणि दही सैल लागतं, त्यात भेसळ नसते. धारोष्ण दूध प्यायची हौस मात्र सोडून द्यावी, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा रोग माणसाला होतो. दूध उकळूनच प्यावं. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी शेळीचं दूध देऊ नये, कारण त्यात फोलेट फार कमी असतं आणि तेवढ्यावर वाढणाऱ्या बाळाला रक्तक्षय होतो.