लेखांक ६ : सांताक्रूझच्या पावसाचे ऑटोकोरिलेशन आणि वर्णपट

सांताक्रूझच्या वेधशाळेत रोज सकाळी ८.३० वाजता मागच्या चोवीस तासांचा पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदला जातो. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत उपनगरांच्या पावसाची चर्चा बहुधा याच आकड्यावर चालते. असे आकडे ओळीने मांडले की एक यादृच्छिक संकेत तयार होतो. उद्याचा आकडा नेमका सांगता येत नाही, पण आकड्यांच्या वागण्याला काही रीत असते. त्या रीतीतले पहिले मोजमाप म्हणजे ऑटोकोरिलेशन, म्हणजेच स्वसहसंबंध. आजचा आकडा सरासरीपेक्षा जास्त असेल तर उद्याचा, परवाचा आकडाही जास्त असण्याकडे किती कल आहे, हे ते सांगते. प्रत्येक दिवसाचा सरासरीपासूनचा फरक काढायचा, त्याला k दिवसांनंतरच्या फरकाने गुणायचे आणि अशा सर्व गुणाकारांची सरासरी घ्यायची. तिला k = 0 च्या किमतीने भागले की r(k) मिळतो. तो नेहमी −१ ते १ यांच्या दरम्यान असतो.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. संकेताची सरासरी काळाबरोबर बदलू नये, आणि दोन दिवसांमधला संबंध फक्त त्यांच्यातल्या अंतरावर ठरावा, तारखेवर नाही. अशा संकेताला स्थिर म्हणतात. स्थिर म्हणजे न हलणारा नव्हे. आकडे हवे तितके उसळोत, उसळण्याची रीत तीच राहिली पाहिजे. वर्षभराचा पाऊस या कसोटीला उतरत नाही, कारण जानेवारी कोरडा असतो आणि जुलै ओलाचिंब. तरीही त्याचे ऑटोकोरिलेशन काढले तर ३६५ दिवसांच्या अंतरावर उंचवटा आणि सहा महिन्यांवर ऋण किंमत दिसते. ही पावसाची स्मृती नव्हे, ती कॅलेंडरची छाया आहे.

म्हणून जून ते सप्टेंबर हे १२२ दिवसच घ्यावेत. अनेक वर्षांच्या नोंदींवरून प्रत्येक तारखेची सरासरी काढून ती वजा करावी आणि त्या तारखेच्या चढउताराने भागावे, कारण जुलैमध्ये चढउतारही मोठे असतात. मग हंगामाचे दोन भाग करून दोन्हींचे r(1) ताडून पाहावेत. ते बरेच जवळ आले तर संकेत कामापुरता स्थिर मानता येतो.

एवढे करूनही एक दिवस सगळा हिशेब गिळू शकतो. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून पुढच्या सकाळपर्यंत सांताक्रूझला ९४४.२ मिमी पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्याला ७३.४ मिमी नोंदला गेला. समजा, जुलैची रोजची सरासरी २५ मिमी आहे आणि बाकीच्या ३० दिवसांचे फरक साधारण ३५ मिमीचे आहेत. त्या फरकांच्या वर्गांची बेरीज सुमारे ३६,७५० होते. एकट्या २६ जुलैचा फरक ९१९, त्याचा वर्ग ८,४४,५६१. म्हणजे छेदातला सुमारे ९६ टक्के वाटा एका दिवसाचा! अंशात मात्र त्या दिवसाला शेजारच्या साध्याच आकड्यांशी गुणले जाते. म्हणून r(1), r(2) सगळे शून्याजवळ येतात आणि पावसाला स्मृतीच नाही असे भासते. तो दिवस खरा आहे, तो गाळणे चूक ठरेल. आकड्यांचे घनमूळ घेऊन किंवा त्यांना क्रमांक देऊन हिशेब केला की त्याचे वजन आटोक्यात येते.

पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटी म्हणजे शक्तिघनतेचा वर्णपट. संकेताच्या एकूण चढउतारातला किती भाग कोणत्या वारंवारतेकडे जातो, हे तो दाखवतो. वर्णपटाखालचे क्षेत्रफळ म्हणजेच एकूण प्रचरण. स्थिर संकेतासाठी ऑटोकोरिलेशनचे फूरिए रूपांतर हाच वर्णपट असतो. नॉर्बर्ट वीनर यांनी १९३० मध्ये आणि अलेक्सांद्र खिनचिन यांनी १९३४ मध्ये हे दाखवले.

उदाहरणादाखल r(1) = 0.4 धरू, आणि स्मृती दर दिवशी त्याच प्रमाणात घटते असे मानू. मग r(2) = 0.16, r(3) = 0.064. यावरून वर्णपट असा येतो :

S(f) = 0.84 / (1.16 − 0.8 cos 2πf)

इथे f दररोजच्या आवर्तनांत मोजली आहे. चाळीस दिवसांच्या आवर्तनाला, म्हणजे f = 1/40 ला, S सुमारे २.२७ येतो. दोन दिवसांच्या आवर्तनाला तो ०.४३ आहे. म्हणजे नुसत्या एका दिवसाच्या स्मृतीमुळेही संथ आवर्तने पाचपटीहून अधिक प्रबळ दिसतात, खरे आवर्तन कुठेच नसताना. भारतीय मोसमी पावसात ३० ते ६० दिवसांचे आणि १० ते २० दिवसांचे चढउतार असतात. सांताक्रूझच्या आकड्यांत ते शोधायचे तर उंचवटा शून्याशी नव्हे, या उतरत्या पार्श्वभूमीशी ताडावा लागतो.

शिवाय एका हंगामात चाळीस दिवसांचे आवर्तन जेमतेम तीनदा बसते. नोंद लांबवली की वर्णपटातले बारकावे वाढतात, पण प्रत्येक बिंदूवरची अनिश्चितता कमी होत नाही. ती त्या किमतीइतकीच मोठी राहते. उपाय सरासरीचा आहे. तीस हंगामांचे वर्णपट वेगवेगळे काढून त्यांची सरासरी घेतली तर ती अनिश्चितता √30 ने भागली जाऊन सुमारे १८ टक्क्यांवर येते. अर्थात तीस वर्षांत पावसाची रीतच बदलली असेल, तर या सरासरीत दोन वेगळे संकेत मिसळले जातात. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पंधरा हंगामांचे वर्णपट आधी वेगवेगळे काढून शेजारी ठेवून पाहावे लागतात.